कुठून आणलंत हे पाणी?

आमच्या सोसायटीत लिफ्टची वायर बदलायची असली तरी तीन कोटेशनं येतात. कमिटीची मीटिंग होते, कोणीतरी इंजिनियर काका चष्मा कपाळावर चढवून प्रत्येक ओळ वाचतात, आणि चारशे रुपयांवरून अर्धा तास वाद होतो. त्याच सोसायटीत मे महिन्यात रोज दोन टँकर पाणी येतं, आणि ते एका फोनवर येतं. "दादा, उद्या दोन पाठवा." पलीकडून "हो" येतं. पाणी कुठलं, किती आणि कसं, हे फोन करणारा विचारत नाही आणि पाठवणारा सांगत नाही. महिन्याअखेरीस फेऱ्यांच्या चिठ्ठ्या मोजून चेक जातो.

हा निष्काळजीपणा आहे, आणि त्याला "नाइलाज" असं गोंडस नाव देणं आता थांबवायला हवं. टाकी कोरडी असताना टँकर मागवणं हा नाइलाज आहे, मान्य. पण काहीही न विचारता मागवणं ही सवय आहे. टँकरवाल्याला आपल्या नाइलाजापेक्षा आपली ही सवयच जास्त फायद्याची पडते.

यावर कमिटीचं एक ठरलेलं उत्तर असतं: "टँकरचं पाणी वापरायला आहे, प्यायला नाही." मी हे खारघरमध्ये ऐकलंय, कामोठ्यात ऐकलंय, उलव्यातल्या मित्राकडेही ऐकलंय. हे म्हणणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. खाली जा आणि जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडून बघा. तिथे एक पाइप नळाच्या पाण्याचा असतो, आणि टँकरवाला त्याच झाकणातून आपला होज आत सोडतो. टाकी एक, तिच्यावरचा पंप एक, गच्चीवरच्या टाक्या त्याच, आणि तुमच्या स्वयंपाकघरातला नळही त्यांच्याच खाली. प्यायचं आणि वापरायचं पाणी वेगळं ठेवणारी दुहेरी टाकी ज्यांच्याकडे आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. बाकीचे सगळे टँकरचं पाणी पितात. घरात प्युरिफायर असेल तर गाळून पितात, पण दात घासताना, भाजी धुताना आणि पोळ्यांची कणीक मळताना फारसं कोणी प्युरिफायरचं पाणी घेत नाही.

शिवाय दोन पाणी मिसळली की फक्त सरासरी निघते असंही नाही. नळाचं पाणी येतं तेव्हा त्यात थोडा क्लोरीन शिल्लक असतो. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम असावा. तोच पुढे टाकीत आणि पाइपात पाण्याची राखण करतो. त्यात विहिरीचं किंवा बोअरचं, क्लोरीन न घातलेलं दहा हजार लिटर पाणी ओतलं की तो शिल्लक क्लोरीन नव्या पाण्यातल्या घाणीवर खर्च होतो. म्हणजे टँकर स्वतःची घाण तर आणतोच, वर आधीच्या चांगल्या पाण्याचा पहारेकरीही काढून घेतो.

नवी मुंबईत हे सगळं घडावं यात एक खास विरोधाभास आहे. खालापूर तालुक्यात धावरी नदीवरचं मोरबे धरण नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचं आहे. स्वतःचं धरण असलेल्या महापालिका देशात मोजक्याच असतील. पण "नवी मुंबई" म्हणून आपण ज्याला ओळखतो ते सगळं शहर त्या महापालिकेत नाही. खारघर, कामोठे, कळंबोली हा भाग २०१६ पासून पनवेल महापालिकेत आहे, आणि तिथलं पाणी मात्र सिडकोच्या वाटेने येतं. सिडकोचं मुख्य धरण पेणजवळचं हेटवणे. इमारती आधी उभ्या राहिल्या, पाण्याच्या योजना मागून येतायत. या दोन वेगांच्या मधली जागा टँकरने भरली. त्याबद्दल सिडकोला आणि महापालिकेला जितकं बोलायचं तितकं बोला, मीही बोलतो. पण टँकरचं झाकण उघडायची परवानगी सिडको देत नाही, आपली कमिटी देते.

आता मूळ प्रश्न. पाणी कुठून येतं?

टँकरवाल्याला विचारलं तर उत्तर मिळतं "विहिरीचं" किंवा "गोड पाणी आहे साहेब". यातली "गोड" ही चव आहे, पत्ता नाही. आपल्या परिसरात पत्त्याला फार महत्त्व आहे. खाडीच्या काठावरच्या बोअरला खारेपणा येतो. उपसा वाढला की जमिनीतलं गोडं पाणी मागे हटतं आणि खाडीचं आत शिरतं, म्हणून डिसेंबरात गोड असलेली बोअर मे महिन्यात मचूळ होऊ शकते. जुन्या दगडखाणींच्या खड्ड्यांत पावसाचं पाणी साठतं. ते दिसायला निळंशार असतं, पण उघडं असतं, आणि त्यात काय वाहून येतं याचा हिशेब कोणाकडे नसतो. आणि तळोजा औद्योगिक वसाहतीचा शेजार विसरून चालत नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या रस्त्यांवर निळे कुत्रे दिसले होते. फोटो जगभर फिरले, लोकांनी मीम केली. रंग कारखान्यातून आला होता, आणि त्या भागातली कासाडी नदी तर त्याआधीपासून प्रदूषणासाठी बदनाम आहे. कुत्र्याच्या अंगावर रंग दिसला म्हणून बातमी झाली. जमिनीत मुरलेलं रसायन असं दिसत नाही.

दुसरा प्रश्न त्याहून साधा आहे आणि तो मी अजून कोणाला विचारताना ऐकला नाही: "काल या टँकरमध्ये काय होतं?" नवी मुंबईत सांडपाणी शुद्ध करून ते बागांना, बांधकामांना आणि उद्योगांना देण्याचं काम होतं. कोपरखैरणे आणि ऐरोलीत त्यासाठी पुढच्या टप्प्याची शुद्धीकरण केंद्रं आहेत. हे काम चांगलंच आहे. पण सोमवारी बांधकामाला शुद्ध केलेलं सांडपाणी आणि मंगळवारी सोसायटीला "गोड पाणी" असं एकाच टँकरने केलं, तर मधल्या रात्री तो आतून धुतला का? टँकरवर "पिण्याचे पाणी" असं रंगवायला फक्त एक डबा रंग लागतो.

कायदा काय म्हणतो हेही सांगतो, कारण "याला काही नियमच नाहीत" ही समजूत खोटी आहे. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे जमिनीतलं पाणी उपसून टँकरने विकणाऱ्याला ना हरकत प्रमाणपत्र लागतं. मुंबईत २०१९ साली काळबादेवीतल्या विहिरींमधून वर्षानुवर्षं बेकायदा पाणी उपसून विकल्याबद्दल आझाद मैदान पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. चोरीचा आकडा सुमारे ७३ कोटी रुपयांचा लावला होता. आणि एप्रिल २०२५ मध्ये याच प्रमाणपत्राच्या नोटिसा निघाल्यावर मुंबईतल्या टँकरवाल्यांनी संप केला. चार-पाच दिवसांत शहर इतकं कासावीस झालं की महापालिकेला आपत्ती व्यवस्थापन कायदा बाहेर काढावा लागला. त्या दिवसांत टीव्हीवर सोसायट्यांच्या सेक्रेटरींचे हाल दाखवत होते. त्यांना मला विचारावंसं वाटत होतं की इतकी वर्षं ज्याच्याकडून पाणी घेतलंत, त्याच्याकडे हा कागद आहे की नाही हे तुम्ही एकदा तरी पाहिलं होतंत का? नोटिसा निघाल्यावर तो घाबरला, म्हणजे त्याच्याकडे कागद नसावा अशी शंका यायला जागा आहे. मग आपण इतकी वर्षं कोणाच्या जमिनीतलं पाणी प्यालो?

तेव्हा कागद मागा. प्रमाणपत्रावर विहीर किंवा बोअर नेमकी कुठे आहे आणि रोज किती उपसायची परवानगी आहे, ते पाहा. पण कागदाने भागत नाही, कारण कागद एका विहिरीचा आणि पाणी दुसऱ्या विहिरीचं असू शकतं. गंमत अशी की पाणी खरंच कुठून येतंय हे बरंचसं गेटवर बसूनच कळतं. मी ते पाहिलंय, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

आमच्याकडे येणारा एक पुरवठादार सांगायचा की पाणी पनवेलच्या पलीकडून, नेऱ्याकडच्या विहिरीतून येतं. आम्ही वॉचमनच्या रजिस्टरमध्ये टँकर आला किती वाजता आणि गेला किती वाजता असे दोन रकाने वाढवले. बाकी काही केलं नाही. एका सकाळी पहिला टँकर ६:४० ला गेटबाहेर पडला आणि तोच टँकर, तोच नंबर, ७:२५ ला भरून परत आला. मधली वेळ पंचेचाळीस मिनिटं. दहा हजार लिटर भरायला पंधरा-वीस मिनिटं धरा. उरली पंचवीस मिनिटं, म्हणजे जायला बारा आणि यायला तेरा. भरलेला टँकर सकाळच्या रस्त्यावर ताशी वीस-पंचवीस किलोमीटरहून वेगाने जात नाही. म्हणजे विहीर चार-पाच किलोमीटरच्या आत. खारघरहून नेरे काही बारा मिनिटांवर नाही. हा शोध लावायला गुप्तहेर लागला नाही, भिंतीवरचं घड्याळ पुरलं.

दुसरा साक्षीदार म्हणजे टीडीएस मीटर. हा पेनाएवढा असतो, काहीशे रुपयांत मिळतो, आणि पाण्यात विरघळलेले क्षार साधारण किती ते सांगतो. मानकात हा आकडा लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानलाय, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतलाय. लोक या मीटरला पाण्याचा थर्मामीटर समजतात आणि आकडा कमी दिसला की पाणी शुद्ध म्हणतात. ते चूक आहे. सांडपाण्याचे जंतू या मीटरला दिसत नाहीत. पण त्याचा एक उपयोग मला फार आवडतो: एका विहिरीचा टीडीएस दोन-चार दिवसांत फारसा बदलत नाही. तो त्या विहिरीचा अंगठ्याचा ठसा समजा. त्याच पुरवठादाराचं पाणी सोमवारी ३१०, बुधवारी ८८० आणि शुक्रवारी ३२० दाखवू लागलं तेव्हा विहिरी दोन आहेत हे उघड झालं, तो कितीही वेळा एकच म्हणाला तरी. आणि बुधवारच्या विहिरीबद्दल तो कधी काही बोललाच नव्हता.

तिसरा साक्षीदार भाव, त्याकडे पुढे येतो.

आधी पाण्याची प्रत. गेटवर टँकर उभा असताना प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत थांबता येत नाही, हे खरंच. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या करायच्या: पुरवठादार निवडताना काय तपासायचं आणि रोज काय तपासायचं. निवडताना पूर्ण तपासणी हवी, एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत. जंतूंची तपासणी, नायट्रेट, क्लोराइड, कठीणपणा, लोह, फ्लोराइड हे नेहमीचे, आणि आपल्याकडे औद्योगिक पट्टा आहे म्हणून शिसं, क्रोमियम, कॅडमियम यांसारखे जड धातूही. अहवालात दोन ओळी आधी वाचा. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय सापडता कामा नये, एकही नाही. आणि नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर नको. या दोन्हींत मानकाने सवलत ठेवलेली नाही. नायट्रेट वाढलेलं असेल तर आसपास शौचखड्डा, गटार किंवा खताचं शेत आहे असा संशय घ्यायचा. ते उकळून जात नाही आणि क्लोरीनने मरतही नाही, कारण ते जिवंत नाही.

पुरवठादार स्वतःहून एक अहवाल पुढे करतो. लॅमिनेट केलेला असतो, त्यावर सगळं हिरवंगार. त्यावरची तारीख पाहा, आणि मग नमुना कोणी घेतला ते पाहा. बऱ्याच अहवालांवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की नमुना ग्राहकाने आणून दिला आणि निष्कर्ष फक्त त्या नमुन्यापुरते आहेत. म्हणजे प्रयोगशाळेने एका बाटलीची तपासणी केली. ती बाटली विहिरीतून भरली की प्युरिफायरमधून, हे प्रयोगशाळेला माहीत नाही आणि तसा तिचा दावाही नाही. म्हणून नमुना आपण घ्यायचा, टँकरच्या तोटीतून, पाणी थोडं वाहू देऊन, प्रयोगशाळेनेच दिलेल्या निर्जंतुक बाटलीत. बाटली बर्फात ठेवून काही तासांत पोचवायची. दुपारभर स्कूटरच्या डिकीत फिरलेल्या बाटलीतले जंतू वाढतात किंवा मरतात, दोन्हीने अहवाल बिघडतो.

रोजची तपासणी तीन मिनिटांची आहे. तोटीतून काचेच्या ग्लासात पाणी घेऊन बघायचं आणि वास घ्यायचा. टीडीएस बघायचा. क्लोरीन तपासायच्या किटमध्ये गोळी टाकून पाणी गुलाबी होतं का बघायचं. ते अजिबात गुलाबी झालं नाही, तर या पाण्याला कोणी राखण ठेवलेली नाही. आठवड्यातून एकदा एचटूएस नावाची छोटी बाटली भरून ठेवायची. खोलीच्या तापमानाला चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पाणी काळं पडलं तर त्यात विष्ठेतले जंतू असण्याची दाट शक्यता. काळं पडलं नाही म्हणून प्रमाणपत्र मिळालं असं नाही, पण काळं पडलं तर पुढच्या फेरीला नाही म्हणायला एवढा पुरावा बास. क्लोरीन नसलेलं पण बाकी ठीक असलेलं पाणी टाकीत घ्यावंच लागलं, तर लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या हिशेबाने दहा हजार लिटरला वीस ग्रॅम क्लोरीन लागतो, म्हणजे ताजी ब्लीचिंग पावडर साठ ते ऐंशी ग्रॅम. ती बादलीत कालवून, वरची निवळी टाकीत सोडून, अर्धा तास पंप बंद ठेवायचा. गोणी वर्षभर उघडी पडलेली असेल तर तिच्यातली ताकद उडून गेलेली असते, हेही लक्षात ठेवा. आणि यातून जंतू मरतात फक्त. क्षार, नायट्रेट, कारखान्याचं रसायन जिथल्या तिथे राहतं.

आता माप आणि भाव. इथे मला खरा राग येतो, कारण इथे आजार-बिजार काही सिद्ध करावा लागत नाही, पट्टी पुरते.

आपण "दहा हजारांचा टँकर" विकत घेतो. दहा हजार हे कोणी मोजलं? पेट्रोलच्या टँकरचं माप वैधमापन खात्याकडून तपासून घ्यावं लागतं, आत डिपरॉड असतो, पंपावर उतरवताना मालक स्वतः उभा राहून बघतो. पाण्याच्या टँकरवर आकडा रंगाऱ्याने लिहिलेला असतो. गाडीच्या आरसीवर रिकामं वजन आणि भरलेलं कमाल वजन असतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा दोन्हींतला फरक म्हणजे त्या गाडीने कायद्याने नेता येईल तेवढं पाणी. फरक ९,७०० किलो असेल आणि टँकरवर १२,००० लिहिलं असेल, तर एक तर तो रोज जादा भार घेऊन तुमच्या गल्लीत येतोय किंवा तो तुम्हाला १२,००० देत नाहीये.

पण याहून सोपी पट्टी आपल्याच घरी आहे: खालची टाकी. आमची आतून सहा मीटर लांब आणि चार मीटर रुंद. म्हणजे पाणी एक सेंटिमीटर वर चढलं की २४० लिटर आलं. दहा हजार लिटर आले तर पाणी साडेएकेचाळीस सेंटिमीटरच्या जरा वर चढायला हवं. टँकर यायच्या आधी वर चढवणारा पंप बंद, नळाच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद, टाकीत खुणा केलेली काठी उभी. आधीचा आकडा, नंतरचा आकडा, वजाबाकी. एवढंच.

आम्ही दोन पुरवठादारांचं पाणी असं मोजलं. पहिला, तोच नेरेवाला, टँकरला २,००० रुपये घ्यायचा. दुसरा २,४०० मागत होता, म्हणून कमिटीने त्याला कधी जवळ केलंच नव्हतं. पहिल्याच्या टँकरने पाणी ३४ सेंटिमीटर चढलं, म्हणजे ८,१६० लिटर. दुसऱ्याच्या टँकरने ४१, म्हणजे ९,८४०. आता हजार लिटरचा भाव काढा. पहिल्याचा २४५ रुपये. दुसऱ्याचा २४४. चारशे रुपयांनी स्वस्त असलेला माणूस प्रत्यक्षात हजारामागे एक रुपयाने महाग निघाला. आणि रोज दोन फेऱ्यांच्या हिशेबाने मे महिन्याच्या ६२ फेऱ्यांत दर फेरीला १,८४० लिटर कमी धरले, तर एक लाख चौदा हजार लिटर पाणी आलंच नाही. अकरा टँकर हवेचे. त्यांचे पैसे मेंटेनन्समधून गेले, भाडेकरूंनी भरलेल्यातूनही गेले. त्या बिचाऱ्यांना तर सर्वसाधारण सभेत तोंड उघडायचीही सोय नाही. सभासद असाल तर सहकार कायद्याच्या कलम ३२ खाली सोसायटीचे हिशेब पाहायचा अधिकार तुम्हाला आहे. गेल्या उन्हाळ्याच्या टँकरच्या पावत्या मागवून बघा, त्यांवर "फेरी १" याशिवाय काय लिहिलंय.

मग रास्त भाव कोणता? पालिकेच्या पाण्याशी तुलना करून उपयोग नाही, तिथे टँकर कायम महागच पडणार. टँकरचा भाव हा मुख्यतः वाहतुकीचा भाव असतो. विहीर पंधरा किलोमीटरवर असेल तर फेरी तीस किलोमीटरची. भरलेला टँकर लिटरला तीन-साडेतीन किलोमीटर देतो असं धरलं तर आठ-दहा लिटर डिझेल, नव्वदच्या भावाने आठशे रुपयांच्या आसपास. त्यावर ड्रायव्हर, गाडीचा हप्ता, विहीरवाल्याचे पैसे आणि नफा. विहीर चार किलोमीटरवर असेल तर डिझेलचा आकडा पार खाली येतो. म्हणून स्रोत कळल्याशिवाय भाव रास्त आहे की नाही हे ठरवताच येत नाही. आणि उलटही खरं आहे: लांबची विहीर सांगून भाव डिझेललाही जेमतेम पुरेल इतका कमी सांगणारा माणूस एक तर विहिरीबद्दल खोटं बोलतोय किंवा लिटरांबद्दल. आमच्या नेरेवाल्याचं गणित असंच होतं. घड्याळाने विहीर जवळ असल्याचं सांगितलं, काठीने लिटर कमी असल्याचं सांगितलं, आणि लांबच्या पाण्याचं भाडं मात्र आम्ही भरत होतो. कुठेतरी पाणी मुरतंय म्हणतात ते हे.

यावर येणारे आक्षेप मला पाठ आहेत. "इतकं विचारलं तर तो यायचाच बंद होईल." मे महिन्यात विचारलंत तर होईलच. म्हणून फेब्रुवारीत विचारायचं, तेव्हा त्याच्या गाड्या उभ्या असतात. आणि एकट्याने नाही, शेजारच्या तीन-चार सोसायट्या मिळून. टँकरवाल्यांचं आपसात ठरलेलं असतं आणि आपल्या सोसायट्या एकमेकींशी पार्किंगवरून भांडत असतात, सगळा तोल तिथेच जातो. "हे काम पालिकेचं आहे." आहेच. पण पालिकेकडे किंवा सिडकोकडे गेल्यावर "पाणी कमी येतं हो" एवढं म्हणून काय होणार? नळाच्या मीटरचं रोजचं वाचन आणि टँकरचे मोजलेले लिटर एका वहीत शेजारी शेजारी असले, तर किती कमी आलं आणि त्यासाठी आम्ही किती मोजले हे लेखी सांगता येतं. आणि तिसरा आक्षेप, "वॉचमनला हे जमणार नाही." हा ऐकून मात्र माझी तळपायाची आग मस्तकात जाते. जो माणूस दिवसभर येणाऱ्या प्रत्येक डिलिव्हरी बॉयचं नाव, फोन नंबर, फ्लॅट आणि वेळ लिहितो, त्याला काठीवरचे दोन आकडे लिहिता येणार नाहीत? पिझ्झा कुठून आला हे आपण नोंदवतो आणि पाणी कुठून आलं हे नाही.

फेब्रुवारीत आम्ही चार सोसायट्यांनी मिळून पाच पुरवठादारांना एक पानाचा करार पाठवला. त्यात विहिरीचा पत्ता आणि ना हरकत प्रमाणपत्राची प्रत होती, टँकर फक्त पिण्याच्या पाण्यासाठी वापरला जाईल अशी हमी होती, दर फेरीवर नाही तर हजार लिटरवर होता, आणि मोजमाप आमच्या टाकीतल्या काठीचं. कराराच्या पाण्याच्या टीडीएसपेक्षा दोनशेहून जास्त फरक दिसला तर टँकर परत, पैसे नाहीत. दोघांनी उत्तरच दिलं नाही. दोघांना बाकी सगळं मान्य होतं, फक्त काठी नको होती. त्यांनी काठीला इतका विरोध का करावा हे त्यांनाच माहीत. पाचव्याने, म्हणजे आमच्या त्या "महागड्या" माणसाने, सही केली. दर हजार लिटरला २४० रुपये ठरला.

पहिली फेरी मार्चच्या पहिल्या आठवड्यात आली. टीडीएस २६०, क्लोरीन नव्हता म्हणून सत्तर ग्रॅम पावडर आम्ही घातली, काठीवर ४१ सेंटिमीटर. वॉचमनने पावतीवर ९,८४० लिटर लिहिले, ड्रायव्हरने सही केली, आणि बिल झालं २,३६२ रुपये.